आईच्या वतीने वाढदिवसाचा निरोप: आपण लिहावा, तिच्या तोंडून उतरवून घ्यावा की तिचा आवाजच पाठवावा?

समजा, सोलापुरात राहणाऱ्या आईचा हात थरथरतो, मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत आणि पुण्यातल्या तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे तुमच्या मामाला, पंचाहत्तरावं लागतंय. निरोप तिच्या नावाने जायचा आहे, पण टाइप तुम्ही करणार.

सगळ्यात झटपट होतं ते आपणच लिहून खाली 'तुझी ताई' टाकणं. "उदंड आयुष्य लाभो" वगैरे लिहिलं की दोन मिनिटांत काम संपतं. पण मामाला ते लगेच कळतं, कारण ताई असं बोलत नाही. शिवाय मामाने फोन करून त्यातलं काही विचारलं, तर आईला पत्ताच नसतो. आई ऐकून 'हो' म्हणण्याच्याही स्थितीत नसेल तर निरोप आपल्याच नावाने पाठवावा: "मामा, आईच्या आणि माझ्या शुभेच्छा."

मला उतरवून घेणं सगळ्यात पटतं. मात्र "काय लिहू?" असं विचारलं की आई "लिही की चांगलं काहीतरी" म्हणून मोकळी होते. त्याऐवजी "मामा लहानपणी कसा होता?" विचारा. मग ती म्हणेल, "गड्ड्याच्या जत्रेत हात सोडून पळाला, पाळण्यापाशी सापडला. मी रडलालते, हा बत्तासे खालालता. पंचाहत्तर झाला की बाळ. आता गुडघा कसा हाय म्हणावं. आणि त्या शेजारणीच्या लेकीचं लग्न ठरलं बघ." यातली शेजारीण गाळायची, क्रम लावायचा, 'म्हणावं' काढून थेट मामाशी बोलतं करायचं. बाकी हात लावायचा नाही:

"बाळा, पंचाहत्तर झालास. गड्ड्याच्या जत्रेत हात सोडून पळालास, पाळण्यापाशी सापडलास. मी रडलालते, तू बत्तासे खालालतास. आता गुडघा कसा हाय? ताई. (आईने सांगितलं, मी टाइप केलं.)"

'रडलालते'चं 'रडत होते' केलंत तर वाक्य शुद्ध होईल, पण ताई त्यातून निघून जाईल. पाठवण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा. ती मध्येच थांबवून "असं नव्हं" म्हणाली तर तिथे तुमचे शब्द घुसले आहेत. बोलून टाइप करण्याची सोय वापरलीत तर हे वाचन दुप्पट सावकाश करा, कारण सोलापुरी क्रियापदं फोन भलतीच लिहितो.

आवाज पाठवणं मामाला सगळ्यात गोड लागेल, त्याला नीट ऐकू येत असेल तर. व्हॉट्सॲपवर माइकचं बटण दाबून वर सरकवलं की ते धरून ठेवावं लागत नाही. आईला निवांत बोलता येतं आणि पाठवण्याआधी ऐकूनही पाहता येतं. पंखा बंद करा, फोन तिच्या तोंडाजवळ तुम्ही धरा. पण "बोल आता" म्हटलं की बऱ्याच आया एकदम औपचारिक होतात, तेव्हा तुमचा प्रश्नही त्यातच रेकॉर्ड होऊ द्या.

अर्धांगवायूनंतर बोलणं अडखळत असेल, तर ध्वनिमुद्रणाचा आग्रह नको. स्वतःचा तसा आवाज भावाने ऐकावा की नाही, हे आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर तुम्ही सुचवलेली दोन-दोन वाक्यं वाचून दाखवा आणि ज्याला ती होकाराची मान हलवेल ते ठेवा.