काउंटिंग, रॅडिक्स की मर्ज: लेखी परीक्षेत निवड कशावरून करावी

नाशिकमध्ये डेटा स्ट्रक्चर्स शिकवताना दर सत्राच्या शेवटी सरावपेपरांचा गठ्ठा तपासायला येतो आणि त्यात एक वाक्य हमखास सापडते: "काउंटिंग सॉर्टची कॉम्प्लेक्सिटी O(n) असल्यामुळे तो मर्ज सॉर्टपेक्षा चांगला आहे." या वाक्याला मी पूर्ण गुण देत नाही, कारण त्यातून k गळालेला असतो. काउंटिंग सॉर्टला O(n + k) वेळ लागतो, आणि ज्या किमतीवरून क्रम लावायचा त्या कीला किती वेगवेगळ्या किमती घेता येतात ती संख्या म्हणजे k. "यांपैकी कोणती पद्धत निवडाल आणि का" असा प्रश्न आला की त्याचे उत्तर बहुतेक वेळा या k मध्येच दडलेले असते.

तुलनेवर आधारलेल्या पद्धती, म्हणजे मर्ज, हीप, क्विक, इन्सर्शन वगैरे, दोन किमतींपैकी लहान कोणती एवढेच विचारू शकतात. अशा प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरे असल्यामुळे h प्रश्नांतून जास्तीत जास्त 2^h निरनिराळे शेवट निघतात, तर n घटकांचे क्रम n! असू शकतात. तीन घटकांचे क्रम सहा होतात. दोन तुलनांत चारच वेगळे ओळखता येतात, म्हणून सर्वांत वाईट स्थितीत तिसरी तुलना टळत नाही. हेच सर्वसाधारण n साठी मांडले की Ω(n log n) ही खालची मर्यादा मिळते. काउंटिंग सॉर्ट या मर्यादेचा भंग करत नाही. तो दोन घटकांची तुलना करतच नाही, कीची किंमत थेट अ‍ॅरेचा इंडेक्स म्हणून वापरतो. मर्यादा लागू होण्याची अटच तेथे पूर्ण होत नाही, एवढे एक वाक्य उत्तरपत्रिकेत असले म्हणजे पुरे.

आता निवड प्रत्यक्ष आकड्यांवर करून पाहू. समजा, नाशिक जिल्ह्यातील ५,००० पत्रे पिनकोडनुसार लावायची आहेत. पंचवटीचा पिन ४२२००३, नाशिकरोडचा ४२२१०१, लासलगावचा ४२२३०६ आणि मालेगावचा ४२३२०३. प्रत्येक पिनमधून ४२२००० वजा केले आणि मालेगावचा पिन सर्वांत मोठा धरला, तर किमती ० ते १,२०३ मध्ये बसतात आणि k होतो १,२०४. काउंटिंग सॉर्ट मोजण्यासाठी एकदा आणि जागेवर ठेवण्यासाठी एकदा असा पत्रांवरून दोनदा फिरतो व मोजणीच्या अ‍ॅरेवरून बेरजेसाठी एकदा जातो, म्हणजे पायऱ्या साधारण 2n + k, येथे ११,२०४. मर्ज सॉर्टच्या तुलना n log2 n च्या आसपास, म्हणजे सुमारे ६१,०००. दोन्हींच्या पायऱ्या एकसारख्या वजनाच्या नसतात हे खरे, पण पाचपटींहून अधिक अंतर असताना ते डोळ्याआड करता येते.

त्याच गठ्ठ्यात ११०००१ या पिनचे दिल्लीचे एकच पत्र आले की चित्र पालटते. आता सर्वांत लहान किंमत ११०००१, सर्वांत मोठी ४२३२०३, आणि k तीन लाख तेरा हजारांच्या पुढे जातो. त्यांतील बहुतेक खाने रिकामे राहतात, तरी बेरीज करताना त्यांवरून जावेच लागते. येथे मर्ज सॉर्ट सरळ सरस ठरतो. n पाच हजारांवरून पाच हजार एक झाला, आणि निर्णय मात्र उलटला. म्हणून प्रश्नात "किमती ० ते १०० दरम्यानचे गुण आहेत" असे लिहिलेले असेल तर ती माहिती सजावटीसाठी नसते, आणि किमतींची व्याप्ती दिलेलीच नसेल तर काउंटिंग सॉर्ट निवडण्यापूर्वी "k = O(n) आहे असे गृहीत धरून" हे शब्द लिहावेत.

रॅडिक्स सॉर्ट नेमका या अडचणीवरचा उपाय आहे: मोठी की तुकड्यांत फोडावी आणि प्रत्येक तुकड्यावर लहान k चा काउंटिंग सॉर्ट चालवावा. दिल्लीच्या पत्रासह सहा अंकी पिन एकेक अंक घेऊन लावले तर सहा पास लागतात, प्रत्येकात 2n + 10 पायऱ्या, म्हणजे एकूण साठ हजारांच्या थोडे वर. मर्ज सॉर्टशी जवळजवळ बरोबरी. तेच पिन तीन-तीन अंकांच्या दोन तुकड्यांत, म्हणजे १,००० हा पाया धरून घेतले, तर दोनच पास होतात, प्रत्येकात 2n + 1000, आणि बेरीज सुमारे २२,००० भरते. पाया दहाच असला पाहिजे असा नियम कोठेही नाही; तो आपल्या हातातला निर्णय आहे, आणि "० ते n² − १ या व्याप्तीतील n पूर्णांक O(n) वेळेत कसे लावाल" हा नेहमीचा प्रश्न याच निर्णयावर उभा असतो. पाया n घेतला की प्रत्येक की दोन अंकांची होते आणि दोन पासांत O(n) मध्ये काम संपते. पाया १० ठेवला तर अंकांची संख्या n बरोबर log च्या गतीने वाढत राहते आणि आपण गुपचूप पुन्हा O(n log n) वर येतो.

मात्र रॅडिक्स सॉर्टच्या उत्तरात सर्वाधिक गुण जातात ते स्टेबिलिटीपाशी. समान अंकाच्या घटकांचा आधीचा क्रम प्रत्येक पासने जपला पाहिजे, आणि तो जपला जातो या ओळींमुळे:

```c
for (i = n - 1; i >= 0; i--)
    b[--c[digit(a[i])]] = a[i];
```

येथे a ही मूळ यादी, b ही निकालाची, आणि c या मोजणीच्या अ‍ॅरेमध्ये आधीच चढती बेरीज झालेली आहे. सात पिन घेऊ आणि ४२२००० वजा करून उरलेले तीन अंक लिहू: १०१, ००७, ४०३, ००३, ४०१, १०३, ३०६. एककाच्या अंकावर मोजणी केली तर १ दोनदा, ३ तीनदा, ६ आणि ७ एकेकदा येतात; बेरजेनंतर c[1] = 2, c[3] = 5, c[6] = 6, c[7] = 7. उजवीकडून पहिला ३०६, तो इंडेक्स ५ वर जातो. मग १०३ इंडेक्स ४ वर, ४०१ इंडेक्स १ वर, ००३ इंडेक्स ३ वर, याप्रमाणे. पासाअखेर क्रम असा मिळतो: १०१, ४०१, ४०३, ००३, १०३, ३०६, ००७. दशकाच्या जागी सगळीकडे शून्य असल्याने दुसऱ्या पासात काहीच हलत नाही. शतकाचा पास झाला की ००३, ००७, १०१, १०३, ३०६, ४०१, ४०३ हा योग्य क्रम येतो.

आता तोच लूप चुकून i = 0 पासून पुढे चालवला तर काय होते, ते मी मुद्दाम फळ्यावर करून दाखवतो, कारण निकाल अनपेक्षित आहे. प्रत्येक पास समान अंकांचा क्रम उलटा करतो. पहिल्या पासानंतर ४०१, १०१, १०३, ००३, ४०३, ३०६, ००७. दुसऱ्यात सगळे समान, म्हणून पूर्ण यादी उलटते: ००७, ३०६, ४०३, ००३, १०३, १०१, ४०१. आणि तिसऱ्यात प्रत्येक गटाचा क्रम पुन्हा उलटून शेवटी ००३, ००७, १०१, १०३, ३०६, ४०१, ४०३. उत्तर बरोबर! दोन उलटांनी एकमेकांना खोडले, आणि विद्यार्थ्याची खात्री पटली की लूपची दिशा महत्त्वाची नाही. या यादीत अंबडचा ४२२०१०, म्हणजे ०१०, घाला आणि हाच चुकीचा लूप पुन्हा चालवा. शून्य शतकाच्या गटात दुसऱ्या पासानंतर ००७, ००३, ०१० असा क्रम असतो, तिसरा पास तो उलटवतो, आणि यादीच्या सुरुवातीला ०१०, ००३, ००७ येते. दशकाचा अंक ठरवून गेलेला क्रम शतकाच्या पासने मोडला, आणि त्याला सावरणारा दुसरा उलट आता राहिला नाही. ड्राय रन लिहिताना म्हणूनच शतक समान पण दशक वेगळे असलेल्या निदान दोन किमती यादीत असाव्यात. प्रश्नपत्रिकेतील यादीत त्या नसतील तर केवळ शेवटचा क्रम जुळला यावर विसंबू नये.

काउंटिंग सॉर्टमध्ये आणखी एक सोपी वाट विद्यार्थ्यांना मोह पाडते: मोजणी झाली की c वरून फिरत प्रत्येक किंमत तितक्या वेळा छापून टाकायची. निव्वळ संख्यांसाठी ते चालते, आणि k लहान असेल तर वेगवानही असते. पण पंचवटीची तीन पत्रे असताना "४२२००३" हा आकडा तीनदा लिहिल्याने पत्रे हातात येत नाहीत. पाकिटावरचे नाव, पत्ता सगळे गेले. क्रम न मोडता कीबरोबर नोंदही हलवायची असेल तर चढती बेरीज आणि वेगळा b अ‍ॅरे टाळता येत नाही, आणि म्हणून O(n + k) जादा जागाही टाळता येत नाही.

जागेची ही अट प्रश्नात घातलेली असेल तर तुलनेच्या पद्धतींकडे वळावे लागते. O(1) जादा जागेत O(n log n) ची हमी हवी असेल तर हीप सॉर्ट; तो स्टेबल नाही, हे त्याच वाक्यात लिहून टाकावे. क्रम जपायचा आहे, पण किमतींच्या व्याप्तीबद्दल काहीच सांगितलेले नाही, तर मर्ज सॉर्ट. यादी जवळजवळ लागलेलीच असेल तर इन्सर्शन सॉर्ट या सगळ्यांना मागे टाकतो. आणि ज्या कीला अंकांत फोडण्याची ठरावीक रीतच नाही, जिथे केवळ "हा त्याच्या आधी की नंतर" एवढेच सांगणारे फंक्शन दिलेले आहे, तिथे काउंटिंग आणि रॅडिक्स यांचा विचारच करता येत नाही. ऋण संख्या मात्र अडथळा नव्हेत: −५० ते ५० या व्याप्तीत प्रत्येक किंमतीत ५० मिळवले की k = 101 असा साधा काउंटिंग सॉर्ट उरतो, आणि ही मिळवणी उत्तरात लिहायला विसरलेल्यांचा इंडेक्स ऋण होऊन ड्राय रन तिथेच अडतो.