स्लाइडवरून वेळापत्रक: बेरीज की गुणाकार?

सत्राच्या सुरुवातीला हातात पडलेल्या स्लाइड मोजून आणि विषयाचा अवघडपणा धरून अभ्यासाचे तास वाटायचे, हे बहुतेकांना माहीत असते. खरी निवड असते ती हे दोन आकडे एकत्र कसे आणायचे याची. अर्धे तास स्लाइडच्या प्रमाणात आणि अर्धे अवघडपणाच्या प्रमाणात देऊन बेरीज करता येते, किंवा स्लाइडच्या संख्येला अवघडपणाने गुणून त्या गुणाकाराच्या प्रमाणात सगळे तास वाटता येतात. दोन्ही पद्धती वापरात आहेत. माझा कल गुणाकाराकडे आहे, आणि त्यामागे बेरजेतली एक खोड आहे. ती पुढे उदाहरणातून दिसेल.

आधी मोजणीचे बोलू, कारण ती चुकली तर कुठलीच पद्धत वाचवत नाही. पीडीएफची पाने म्हणजे स्लाइड नव्हेत. बीमरमध्ये केलेल्या स्लाइडमध्ये एकेक मुद्दा उलगडताना दर टप्प्याला नवे पान तयार होते. खालच्या कोपऱ्यातला क्रमांक चार-पाच पाने तोच राहिला, तर ती एकच स्लाइड धरावी. पॉवरपॉइंटमध्ये ही अडचण शिक्षकांनी स्लाइडच्या प्रती काढून टप्पे दाखवले असतील तेव्हा येते. स्लाइड सॉर्टरमध्ये सगळ्या एकदम पाहिल्या की जुळी पाने लगेच नजरेत भरतात. शीर्षकाचे पान, दर भागाआधी परत येणारी अनुक्रमणिका आणि शेवटचे ‘धन्यवाद’ वगळायचे. डेटाबेसच्या विषयात बी-प्लस ट्री हे ठळक उदाहरण आहे. एक किल्ली घालताना झाड कसे फुटते ते दाखवायला दहा-बारा पाने सहज जातात, आणि त्यात शिकायची गोष्ट एकच असते.

अवघडपणाचा आकडा मनाने देऊ नका. स्लाइड मिटून त्या विषयावरचा जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न घ्यावा. सुटला तर 1, स्लाइड उघडून पाहावी लागली तर 1.5, सुरुवातच करता आली नाही तर 2. एक ते पाच अशी लांब पट्टी बेरजेत कदाचित खपते. गुणाकारात मात्र पाचवाल्या विषयाची एक स्लाइड एकवाल्याच्या पाच स्लाइडइतका वेळ घेते, आणि सोपे विषय उपाशी राहतात.

आता डेटाबेसचा एक नमुना घेऊ. छाटणीनंतर परिचयाच्या 8 स्लाइड उरल्या आणि अवघडपणा 1. ईआर मॉडेलच्या 30, अवघडपणा 1. एसक्यूएलच्या 50 आणि 1.5, नॉर्मलायझेशनच्या 20 आणि 2, ट्रान्झॅक्शन व लॉकिंगच्या 24 आणि 2, इंडेक्सिंगच्या 26 आणि 1.5. वाटायला 48 तास आहेत. शीटमध्ये पहिली ओळ शीर्षकांची ठेवून B मध्ये स्लाइड, C मध्ये अवघडपणा आणि F1 मध्ये एकूण तास लिहिले, की गुणाकाराचे सूत्र असे:

```
=F$1*B2*C2/SUMPRODUCT(B$2:B$7,C$2:C$7)
```

आणि बेरजेचे असे:

```
=F$1/2*(B2/SUM(B$2:B$7)+C2/SUM(C$2:C$7))
```

गुणाकारात एकूण भार 240 येतो, म्हणजे एका भाराला 12 मिनिटे. परिचयाला 1.6 तास, ईआर मॉडेलला 6, एसक्यूएलला 15, नॉर्मलायझेशनला 8, ट्रान्झॅक्शनला 9.6 आणि इंडेक्सिंगला 7.8. बेरजेत नॉर्मलायझेशनला 8.4 तास मिळतात, फरक फारसा नाही. एसक्यूएल मात्र 11.6 वर उतरते आणि आठ स्लाइडच्या परिचयाला जवळजवळ 3.9 तास जातात. अवघडपणाच्या वाट्यात विषयाचा आकार बघितलाच जात नाही, त्यामुळे यादीत नुसते नाव असले तरी तेवढ्यावर तास मिळतात.

तेवढे एकवेळ चालले असते. पण समजा, शिक्षकांनी नॉर्मलायझेशन दोन फायलींत दिले: फंक्शनल डिपेंडन्सी 10 स्लाइड आणि नॉर्मल फॉर्म 10 स्लाइड, दोन्ही अवघडपणा 2. तुम्ही ते दोन ओळींत लिहिले, आणि बेरजेच्या पद्धतीत दोघांचे मिळून 8.4 चे 11.8 तास झाले. एकही स्लाइड वाढली नाही, अभ्यासक्रम तोच, तरी नॉर्मलायझेशनसाठी बाकी सगळ्या विषयांचे मिळून सुमारे साडेतीन तास कापले गेले. गुणाकारात 20 गुणिले 2 आणि 10 गुणिले 2 अधिक 10 गुणिले 2, दोन्ही 40 च. तास आठच राहतात. शिक्षक फाइल कुठे तोडतात हे बहुधा तासिकेच्या लांबीवर ठरते, आणि त्यावरून माझे तास बदलावेत हे मला पटत नाही. एकाच विषयाची स्लाइड दोन शिक्षकांकडून येते तेव्हा तर तोडण्याची पद्धत हमखास वेगळी असते. माझ्या दृष्टीने निकाल इथेच लागला.

तरी बेरजेच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. काही विषय स्लाइडवर चार ओळींत उरकतात आणि सगळे काम फळ्यावर होते. बीसीएनएफमध्ये विघटन करण्याची रीत हे त्यातले नेहमीचे. स्लाइड तीन, पण उदाहरणे सहा-सात. वेगळी ओळ केली तर गुणाकार अशा विषयाला 3 गुणिले 2 गुणिले 12 म्हणजे 72 मिनिटे देतो, आणि तेवढ्यात एक धड उदाहरण पुरे होईलच असे नाही. बेरीज त्याला आपोआप वर उचलते. गुणाकार वापरायचा तर यावर दोन उपाय आहेत. वहीत फळ्यावरच्या कामाची जितकी पाने भरली असतील तितक्या स्लाइड वाढवून धराव्यात, किंवा अवघडपणा 2 असलेल्या विषयाला किमान दोन तास ठरवून तो फरक सर्वांत मोठ्या विषयातून, इथे एसक्यूएलमधून, काढावा. मला पहिला उपाय जास्त बरा वाटतो, कारण त्यात चूक मोजणीतच दुरुस्त होते.

जवळच्या अर्ध्या तासावर आणून वरचे आकडे 1.5, 6, 15, 8, 9.5 आणि 8 होतात, बेरीज 48 च राहते. तास बसवताना मात्र गोव्याचे कॅलेंडर समोर हवे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेआधी चवथ येते. घरचा गणपती दीड दिवसाचा असला, तरी त्या आठवड्यात गावच्या घरी जाणे, माटोळी आणि भजने यांतून सलग दोन तास निघत नाहीत. तो आठवडा शून्य धरावा. नरकासुराची रात्र गेली की दुसरी सकाळही गेली असेच समजा. हे वजा करून सहा आठवडे आणि दर आठवड्याला दहा तास उरत असतील, तर हाताशी 60 तास आले. सूत्रात F1 मध्ये 60 घालू नयेत. त्यातले 12 उजळणीला आणि जुन्या प्रश्नपत्रिकांना बाजूला काढून 48 च वाटावेत, नाहीतर शेवटच्या आठवड्यात ट्रान्झॅक्शन पहिल्यांदा वाचायची वेळ येते.

सगळे विषय साधारण एकाच आकाराचे असतील आणि यादी विद्यापीठाच्या युनिटप्रमाणे पक्की असेल, तर तोडण्याचा प्रश्नच उरत नाही. तिथे बेरीज घ्यायला माझी हरकत नाही. शिक्षकांच्या फायली तशाच उचलून ओळी भरणार असाल, तर मात्र मी गुणाकारच सुचवेन.