फिस्टुलाची वही: आठ महिने वापरून झाल्यावर

नागपुरातल्या एका प्रायव्हेट डायलिसिस युनिटला सिस्टर आहे, नऊ वर्षं झाली. नोव्हेंबरपासून आम्ही नेहमीच्या चार्टशिवाय एक वेगळी वही ठेवतो, फक्त फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला हातातली शिर धमनीला जोडून केलेल्या वाटेची. इतवारीतून आणलेली साधी दोनशे पानी वही आहे, ॲप नाही, सॉफ्टवेअर नाही. दुसऱ्या युनिटच्या दोघीतिघींनी फोटो मागितला, पण नुसत्या फोटोवरून काही कळणार नाही म्हणून लिहून टाकते, चांगलं वाईट दोन्ही.

आधी काय होतं, तर चार्टवर एक रकाना होता आणि त्यात सगळे लिहायचे "फिस्टुला ओके". मीही तेच लिहायचे. एका पेशंटचा फिस्टुला बंद पडला तेव्हा जुने कागद काढून बघितले, तर आदल्या सेशनलाही ओके, त्याच्या आदल्यालाही ओके, अक्षर तेवढं वेगवेगळं. फिस्टुला काही एका रात्रीत अरुंद होत नाही हो, आठवडे लागतात, आणि ते आठवडे आमच्या कागदावर कुठेच नव्हते.

वहीत एका पेशंटला एक पान आणि एका सेशनला एक ओळ. सुई किती गेजची, फिस्टुलावर बोटं ठेवून काय जाणवलं, पंप मिनिटाला 200 मिली रक्त फिरवत असताना व्हीनस प्रेशर, म्हणजे रक्त शिरेत परत जातानाचा दाब, किती, सुया काढल्यावर रक्त थांबायला किती मिनिटं लागली आणि घरी निघताना फिस्टुलावर थरथर लागते का. बस. सुरुवातीला मी चौदा रकाने पाडले होते, चौथ्या दिवशी कोणी भरेनाच, मग ते पान फाडून फेकलं.

200 चं सांगते, कारण सगळ्यात जास्त भांडण त्यावरून झालं. आम्ही पंप पुढे 300 वर नेतो, काहींचा त्याहून जास्त, आणि स्पीड वाढला की प्रेशर वाढणारच, शिर चांगली असो की खराब. म्हणून डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, स्पीड वाढवायच्या आधी, 200 ला आकडा घ्यायचा. रोज तसाच, त्याच गेजच्या सुईने. सकाळच्या शिफ्टला एकदम दहा पेशंट लावायचे असतात, तेव्हा ही पाच मिनिटं जड जातात आणि टेक्निशियन लोक म्हणायचे "मॅडम, मशीनवर दिसूनच तर राहिलं ना". दिसतं, पण आजचा एक आकडा काही सांगत नाही, मागच्या पंधरा ओळींशेजारी ठेवला की बोलतो. जुन्या गाइडलाइनमध्ये पंधरा गेजच्या सुईला 200 स्पीडवर 125 च्या वर गेलं तर बघा असं होतं, आम्ही बहुतेकांना सोळा गेज लावतो, ती त्याहून बारीक, तिचं प्रेशर मुळातच जास्त येतं, म्हणून तो आकडा सोडला आणि प्रत्येकाचा स्वतःचा नेहमीचा आकडा धरला.

आता ज्या केसमुळे वही टिकली ती. महालातले एक काका, साठीच्या अलीकडचे, किराणा दुकान, डाव्या कोपराजवळ फिस्टुला, अडीच वर्षं झालेला, हप्त्यातून तीन डायलिसिस. डिसेंबर-जानेवारीत त्यांचं पान अगदी बोरिंग होतं, प्रेशर 104, 108, 106, 103, रक्त सहा-सात मिनिटांत बंद. फेब्रुवारीच्या शेवटी 118 आलं. मग 121, 119, आणि मार्चच्या दुसऱ्या हप्त्यात 134. रक्त थांबायला नऊ मिनिटं, मग बारा. काका म्हणे "सिस्टर, तुमी बोट बराबर दाबून नाही राहिल्या". मलाही एकदा वाटलं की दाबण्यातच चूक असेल, कारण नवी मुलगी सुई अर्धी बाहेर असतानाच दाबायची. सुई पूर्ण निघाल्यावरच दाबायचं असतं, आणि दोन बोटांनी, कारण कातडीवरचं भोक आणि आतलं शिरेचं भोक एकावर एक नसतात, सुई तिरपी गेलेली असते. पुढच्या वेळी मी स्वतः दाबलं. घड्याळ लावून. पाच मिनिटं अजिबात उचलून न बघता, मग दर दोन मिनिटांनी. पंधरा मिनिटं लागली.

डॉक्टरांना सांगितलं तर पहिला संशय हेपरिनवर, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधावर गेला, आणि ते बरोबरच होतं, लांबलेल्या रक्तस्रावाला हेपरिन हे सोपं कारण असतं. डोस 5000 वरून 3000 केला, शेवटच्या तासात बंद. पुढची दोन सेशनं झाली, रक्त तरीही सोळा आणि अठरा मिनिटं. आणि इथे वहीचा खरा उपयोग झाला, कारण प्रेशर 148 होतं, आणि प्रेशर काही हेपरिनने वाढत नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाजूने बोट दाखवत होत्या, रक्त हातातून वर हृदयाकडे जायच्या वाटेत कुठेतरी अडतंय. वाट अडली की मागे शिरेत दाब साठतो, म्हणून मशीनला प्रेशर जास्त लागतं आणि म्हणूनच सुईच्या भोकातून रक्त बाहेर येत राहतं.

मग हात नीट बघितला, जे मी रोज बघते असं मला वाटत होतं. चांगल्या फिस्टुलावर बोटं ठेवली की मांजर घुरघुरतं तसं सलग लागतं, दाबला की मऊ. काकांचा हात आता ठणठण उडत होता, नाडीसारखा, दाबला तर कडक. हात डोक्याच्या वर उचलायला लावला. चांगला फिस्टुला हात वर केल्यावर खाली बसतो, निदान ढिला तरी पडतो, कारण रक्त आपसूक उतरून जातं. काकांचा तसाच फुगलेला राहिला, दंडावर दोरखंडासारखा. मी मोबाइलमध्ये दोन फोटो काढून ठेवले, हात खाली आणि हात वर, दोन्हीत काही फरक नव्हता. काकांच्या मुलाला दाखवल्यावर त्याला लगेच पटलं, नाहीतर तो "हात तर चालून राहिला ना, मग कायले सोनोग्राफी" म्हणत होता.

डॉपलरमध्ये खांद्याजवळ, कॉलरबोनच्या खाली जिथे ती शिर वळून मोठ्या शिरेला मिळते, तिथे अरुंद निघालं. कोपराच्या फिस्टुलात ही जागा नेहमीची, आणि सुया लागतात त्या ठिकाणापासून इतकी वर की नुसत्या नजरेने काहीच दिसत नाही. बलून अँजिओप्लास्टी झाली. दोन दिवसांनी काका परत आले, प्रेशर 109, रक्त सात मिनिटांत बंद, हाताला पुन्हा घुरघुर. मधे गळ्यात कॅथेटर टाकायची वेळ आली नाही, माझ्यासाठी हीच मोठी गोष्ट, कारण कॅथेटर आलं की सेशन चालू असताना थंडी वाजून ताप, कल्चर, अँटिबायोटिक, ती सगळी रांग मागून येते.

आता वहीच्या तक्रारी.

एक, मार्चमध्येच सोळा गेजच्या सुया संपल्या आणि आठवडाभर सतरा गेजच्या आल्या. सतरा म्हणजे बारीक. एकाच दिवशी सहा पेशंटचं प्रेशर वीस-तीसने वर, आणि आमची नवी मुलगी घाबरून सगळ्यांची डॉपलर लिहायला निघाली. सगळ्यांचं एकदम वाढलं म्हणजे हात नाही, सुई. तेव्हापासून गेजचा रकाना तारखेच्या लगेच बाजूला आणला. सुईचं टोक शिरेच्या भिंतीला टेकलं तरी आकडा उगाच चढतो, म्हणून एका दिवसाच्या उडीवर आम्ही पळापळ करत नाही, तीन सेशन लागोपाठ चढले तर डॉक्टरांना दाखवतो. मात्र आकडा चढलेला आहे आणि हातही कडक आहे, तर तीनपर्यंत थांबत नाही.

दोन, आणि ही मोठी. मनगटाच्या फिस्टुलावाल्या एका काकूंचं पान एकदम छान होतं, व्हीनस प्रेशर 90 च्या आसपास, कधी त्याहून कमी, रक्त पाच मिनिटांत बंद. आणि तरी युरिया नीट उतरेना, पंप ओढताना सारखा अलार्म. त्यांची अडचण रक्त बाहेर जायच्या वाटेत नव्हती, आत यायच्या वाटेत होती, जोडाच्या अगदी जवळ. तिथे अरुंद झालं तर शिरेत रक्तच कमी येतं, मग व्हीनस प्रेशर वाढेल कुठून. मशीन मात्र ओढून ओढून थकतं, आर्टिरियल प्रेशर, म्हणजे रक्त ओढतानाचं, वजा 130 वरून वजा 220 पर्यंत गेलं होतं, तेही 300 चा पंप 250 वर आणल्यावर. ते चार्टवर होतं, वहीत नव्हतं, म्हणून सलग कोणी बघितलंच नाही. बोटाने वरची शिर दाबून धरली तर खालचा भाग जोरात उडायला पाहिजे, काकूंचा नुसता हलला. एप्रिलपासून आर्टिरियलचा रकाना वाढवला.

तीन, सेशननंतरचं. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, लोक पाणी जास्त पितात, वजन चार-चार किलो वाढवून येतात, तेवढं सगळं चार तासांत ओढलं की बीपी पडतं. आणि बीपी पडलेलं असताना फिस्टुलात रक्त आधीच हळू वाहतं. एक ताई अशाच 90 बीपीवर घाईत निघाल्या, वरून कापसाची पट्टी घट्ट बांधलेली, घरी जाऊन झोपल्या, पट्टी रात्री सोडली. सकाळी हात शांत. गुठळी. आमचीच चूक आहे ती, पट्टी बांधल्यावर खालून-वरून थरथर लागते का हे कोणी बघितलं नव्हतं, आणि "दोन-तीन तासांनी सोडा" हे सांगितलं असेल तर ऐकायच्या स्थितीत त्या नव्हत्याच. म्हणून शेवटचा रकाना आता पट्टी बांधल्या*नंतर*च भरायचा, बीपी लिहूनच, आणि पट्टी सोडायची वेळ पट्टीवरच पेनाने लिहायची. घरच्यांना रोज सकाळी हात लावून बघायला शिकवलं, थरथर नसेल तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता लगेच फोन. गुठळी जितकी ताजी तितकी काढायला सोपी.

एक गोष्ट वही करूच शकत नाही, ती म्हणजे पांघरूण उचलणं. एसीत लोक सुयांवरून चादर ओढतात, व्हीनस सुई निसटली तर मशीन दरवेळी अलार्म देईलच असं नाही, आणि 300 च्या स्पीडने रक्त गादीत जातं. हात उघडाच पाहिजे, कितीही कुरकुर केली तरी.

वेळेचं म्हणाल तर एका पेशंटमागे तीन-चार मिनिटं जास्त जातात. रविवारी पानं उलटून बघायला अर्धा तास, ते मीच करते, दुसरं कोणी करत नाही. ही कटकट आहे आणि मी सुट्टीवर गेले की ते राहूनच जातं.

महालातल्या काकांचं पान कालच बघितलं. मागची चार सेशनं 112, 117, 122, 127, रक्त दहा मिनिटं, हात वर केल्यावर अर्धवट बसतो. खांद्याजवळची ती जागा बलूननंतर परत आखडते, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. गुरुवारची डॉपलर लावली आहे, काका म्हणे "पुन्हा?", मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली, आकडे त्यांनीच मोठ्याने वाचले आणि मुलाला फोन लावला.