डाव्या फिरकीचे ड्रिल बिट : सात महिन्यांच्या वापरानंतर

तुटलेले स्क्रू बाहेर काढायच्या पेटीतला एक्स्ट्रॅक्टर गेल्या आठवड्यात तुटला आणि ‘वापरताना मोडलेली वस्तू बदलून मिळत नाही’ असे एका ओळीचे उत्तर विक्रेत्याकडून आले, म्हणून हे लिहायला बसलो. राग एक्स्ट्रॅक्टरवर आहे. त्याच पेटीतल्या, उलट फिरून भोक पाडणाऱ्या डाव्या बिटांबद्दलचे माझे मत बरे आहे, मात्र या सात महिन्यांत ते दोनदा बदलले.

पहिला प्रसंग पाण्याच्या पंपाचा. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात बसलेला एम-६ मापाचा पोलादी स्क्रू मी स्वतःच गरजेपेक्षा जास्त आवळला आणि त्याचे डोके पान्ह्यासकट हातात आले. झाकण काढल्यावर स्क्रूचा उरलेला खुंट बोटभर वर राहिला असता तर व्हाइस ग्रिपने धरून फिरवता आला असता आणि कोणत्याच बिटाची गरज पडली नसती. पण तो पृष्ठभागाच्या एक मिलिमीटर खाली तुटला होता. तुटलेला भाग एका बाजूला तिरका होता, त्यामुळे सेंटर पंचची खूण पहिल्या ठोक्याला उताराकडे घसरली. पंच आधी तिरका धरून खूण मध्याकडे ओढून घ्यावी लागली आणि मग सरळ धरून ती खोल करावी लागली. या एका खुणेवर मी पंधरा मिनिटे घालवली, आणि ती वाया गेली नाहीत. एम-६ स्क्रूच्या आट्यांच्या तळाचा व्यास सुमारे ४.८ मिलिमीटर असतो. त्यात ४ मिलिमीटरचे भोक पाडले की चहूबाजूंना जेमतेम ०.४ मिलिमीटरची भिंत उरते. मध्य अर्धा मिलिमीटर जरी चुकला, तरी बिट आटे कापत अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरतो.

आधी ३ मिलिमीटरचा डावा बिट लावला, यंत्र उलट दिशेला टाकले, वेग अगदी कमी ठेवला आणि कटिंग ऑइलचे दोन थेंब सोडले. हॅमरची सोय बंद असल्याची खात्री आधीच केली होती. करड्या रंगाचा बारीक कीस वर येऊ लागला. भोक चार-पाच मिलिमीटर खोल गेले असेल, तेवढ्यात कीस येणे अचानक थांबले, बिट खुंटात अडकला आणि पुढच्या क्षणी तो खुंट बिटाच्या टोकावर गरगर फिरत भोकाबाहेर आला. साधा उजवा बिट असता, तर याच क्षणी त्याने खुंटाला आणखी आत नेऊन भोकाच्या तळाशी घट्ट बसवले असते. त्या दिवशी ही पेटी म्हणजे माझी सर्वांत शहाणपणाची खरेदी आहे, असे मी घरात सर्वांना सांगितले.

दुसराही स्क्रू असाच निघाला, आणि डावा बिट कोणताही तुटका स्क्रू काढतो हा माझा गैरसमज तिथेच पक्का झाला. जास्त आवळल्यामुळे डोके तुटलेल्या स्क्रूमध्ये त्याला ताणून धरणारे डोकेच राहत नाही. ताण गेला की खुंट आट्यांत जवळपास मोकळा असतो, म्हणून बिटाची किरकोळ पकडही त्याला फिरवायला पुरते. याउलट, सोडवताना डोके तुटले असेल तर आटेच गंजाने किंवा क्षाराने धरलेले असतात, आणि डोके तुटले म्हणून ती धर सुटत नाही. अख्ख्या पान्ह्याचा जोर जिथे कमी पडला, तिथे ३ मिलिमीटरच्या बिटाने चमत्कार करावा ही अपेक्षा चुकीची होती.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. तिला मी गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतो असे घरच्यांचे म्हणणे आहे. या बिटांची दांडी पूर्ण गोल आणि गुळगुळीत आहे. माझ्या यंत्राचा बिट धरणारा चक किल्लीविना हाताने आवळायचा आहे. सुलट फिरताना भार आला की असा चक आणखी घट्ट होतो, पण उलट फिरताना तोच भार त्याला सैल करतो. म्हणजे बिट खुंटात अडकून खरा जोर लागण्याच्या नेमक्या क्षणी चक पकड सोडतो. तिसऱ्या स्क्रूच्या वेळी यंत्र जोरात फिरत होते आणि बिट जागच्या जागी उभा होता. हे लक्षात येईपर्यंत दांडीवर तीन चकचकीत ओरखडे उमटले होते. तेव्हापासून मी दांडी आणि चक यांच्यावरून मार्करची एकच सरळ रेघ ओढतो आणि दर काही सेकंदांनी यंत्र थांबवून ती तुटली आहे का ते पाहतो. दांडीला तीन सपाट बाजू दिल्या असत्या तर ही सगळी कसरत वाचली असती. नवे यंत्र घ्यायची माझी तयारी नसल्यामुळे किल्लीचा जुना चक शोधून बसवला आणि घसरणे थांबले. बिटांना मी पूर्ण गुण देत नाही ते या गोल दांडीमुळेच.

चौथा स्क्रू मात्र खरोखर धरलेला होता. तोही एम-६चा आणि अ‍ॅल्युमिनियममधलाच, पण सोडवताना तुटलेला. भोकाच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती, आणि खरे तर तिनेच मला सावध करायला हवे होते. ३ आणि मग ४ मिलिमीटरचा बिट आरपार गेला, तरी खुंट हलला नाही. इथे थांबून विचार करायला हवा होता. त्याऐवजी मी पेटीतला निमुळता एक्स्ट्रॅक्टर ठोकून बसवला आणि हँडल फिरवले. निमुळते टोक पातळ भिंतीला बाहेरच्या बाजूला फाकवते, म्हणजे खुंट आट्यांत अधिकच आवळला जातो. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि एक्स्ट्रॅक्टरचे टोक आतच राहिले. ते इतके कठीण असते की हायस्पीड स्टीलचा बिट त्यावर नुसता घासत बसतो. शेवटी पंपाचे अंग वर्कशॉपमध्ये न्यावे लागले. कार्बाइडच्या कटरने तिथे ते टोक कापून काढले, भोक मोठे करून त्यात तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवून दिले. वाचवलेला पैसा दुप्पट होऊन गेला.

पाचव्या वेळी तशाच धरलेल्या स्क्रूसाठी क्रम बदलला. रबरी सील आधी काढून ठेवले, भेदक तेल रात्रभर मुरू दिले आणि वर राहिलेले तेल पुसून टाकले. मग ३ मिलिमीटरचे भोक पाडले आणि स्क्रूच्या भोवतीचे अ‍ॅल्युमिनियम हीट गनने तापवले, इतके की पाण्याचा थेंब पडताच चुरचुरून उडावा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे भोक खुंटापेक्षा अधिक मोठे होते. ते गरम असतानाच ४ मिलिमीटरचा डावा बिट लावला. पहिल्यांदा काही झाले नाही. पुन्हा तापवले. तिसऱ्या खेपेला कीस थांबला, बिट अडकला, खुंटाने पाव फेरा घेतला आणि मग करकरत बाहेर आला. त्याच्या आट्यांत ती पांढरी भुकटी दाबून बसलेली होती.

या कामात डोळे किसावर ठेवावेत, असे मी आता सांगेन. पोलादाचा कीस करडा आणि कडक येतो. त्यात चांदीसारखी मऊ, चकचकीत वळी दिसली की बिट अ‍ॅल्युमिनियममध्ये उतरला असे समजून यंत्र त्याच क्षणी बंद करावे. बिट चिरकू लागला आणि कीस येईनासा झाला, तर स्क्रू कठीण जातीचा असतो. अशा वेळी जोर लावल्यास बिटाची धार जळते, त्याला कोबाल्टचा बिट लागतो आणि तो या पेटीत नाही.

पाच मापांपैकी ३ आणि ४ मिलिमीटर एवढी दोनच मापे मी वापरली. बाकीचे तीन बिट तेलकट कागदात तसेच पडून आहेत. एक्स्ट्रॅक्टरची रिकामी खाच मात्र आता खुणेच्या मार्करला बरोबर बसते.