चाळीस बिलं, एक रक्कम: अर्धं-अर्धं करून शोधण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

एकरकमी पैसे जमा होतात आणि ते कोणत्या बिलांचे, हे कोणी सांगत नाही. थकीत बिलं चाळीसच्या आसपास, त्यात काही परताव्याच्या नोंदी म्हणून उणे आकडे. कोणत्या बिलांची बेरीज त्या रकमेच्या सर्वांत जवळ जाते, हे शोधायला मी आठ महिने 'मीट इन द मिडल' वापरतोय.

सगळे उपसंच तपासायचे तर 2^40, म्हणजे सुमारे 1.1 लाख कोटी. ते सोडूनच द्या. वीस-वीसचे दोन गट केले की प्रत्येकी 10,48,576 बेरजा होतात. दोन्ही याद्या चढत्या क्रमाने लावायच्या, `A` या यादीच्या सुरुवातीला `i`, `B` च्या शेवटी `j`, आणि `T` म्हणजे जमा झालेली रक्कम:

```python
while i < len(A) and j >= 0:
    s = A[i] + B[j]
    if best is None or abs(s-T) < abs(best-T):
        best = s
    if s < T:
        i += 1
    else:
        j -= 1
```

माझ्या साध्या पायथनमध्ये दोन-तीन सेकंदांत उत्तर येतं. वेगाबद्दल तक्रार नाही.

डोकेदुखी वेगळीच निघाली. 'एकही बिल नाही' हाही एक उपसंच आहे आणि त्याची बेरीज शून्य. मला तो नको होता, म्हणून ती जोडी आली की `best` बदलायचा नाही, एवढीच अट घातली. बरेच दिवस सगळं ठीक वाटलं. मग एकदा उत्तर भलतंच आलं. कारण समजायला उदाहरण अगदी छोटं करावं लागलं: आकडे 2 आणि -50, लक्ष्य -1. याद्या `A = [0, 2]`, `B = [-50, 0]`. पहिलीच जोडी 0+0, ती वगळली. पण बेरीज लक्ष्यापेक्षा मोठी, म्हणून `j` मागे सरकला आणि 2+0 ही जोडी कधी पाहिलीच गेली नाही. उत्तर आलं -48. खरं उत्तर 2. पॉइंटर सरकवताना आपण उरलेल्या जोड्या सोडतो, त्या 'आत्ताची जोडी त्यांच्याहून चांगली' या भरवशावर. तीच जोडी बाद केली की भरवसा संपला!

आता मी `A` मधून रिकाम्या उपसंचाचा एक शून्य काढून पूर्ण `B` सोबत फेरी मारतो. `A` मधलं काहीच न घेण्याची शक्यता वेगळी, `B` मधला तसाच एक शून्य काढून तपासतो. एकच शून्य काढायचा बरं का. 50 आणि -50 मिळून होणारा शून्य खरा असतो.

दुसरी गोष्ट मात्र कोडने सुटत नाही. फरक शून्य आला की पूर्वी मी निर्धास्त व्हायचो. पण प्रत्येक बिल 10 लाख एककांच्या आत असेल आणि सगळे आकडे धन असतील, तर बेरजा जास्तीत जास्त 4 कोटी आणि उपसंच 1.1 लाख कोटी. म्हणजे एकेका बेरजेला सरासरी 27 हजार उपसंच! तंतोतंत जुळणारा उपसंच हाती लागतो, पण तोच भरला गेला होता असं मुळीच नाही. त्यामुळे हल्ली आधी तारखेवरून बिलं पंधरा-वीसवर आणतो, आणि मग खरं तर दोन गट करायची गरजही उरत नाही.