मळी शेजारच्या बागेत गेली: ट्रेसपास, न्यूसन्स की स्ट्रिक्ट लायबिलिटी?

टॉर्ट्सच्या, म्हणजे दिवाणी अपकृत्यांच्या, पेपरात हा प्रश्न ठरलेला असतो. 'अ'च्या जागेतलं काहीतरी 'ब'च्या जागेत जातं, 'ब'चं नुकसान होतं आणि तुम्ही सल्ला द्यायचा. बरेच विद्यार्थी नुकसान कशाचं झालं तिथून सुरुवात करतात आणि फसतात, कारण नुकसान तिन्हींत सारखंच असू शकतं. ती वस्तू पलीकडे कशी पोचली, हे आधी पाहायला हवं.

समजा, 'अ'चा मद्यार्काचा कारखाना आहे. आवारात मळीची मोठी टाकी आहे आणि कुंपणापलीकडे 'ब'ची द्राक्षबाग आहे. आता तथ्यं थोडी थोडी बदलून पाहू.

टाकी धुताना 'अ'ने पाइपाचं तोंड मुद्दाम बागेकडे केलं आणि मळी थेट आत सोडली, तर तो ट्रेसपास. कृती हेतुपुरस्सर आहे आणि आत शिरणं हा तिचाच थेट भाग आहे. एक वेलही वाळली नाही तरी दावा चालतो, कारण ट्रेसपासमध्ये नुकसान सिद्ध करावं लागत नाही. 'ब'चा जमिनीवर ताबा असला की पुरे. मात्र मळी 'अ'च्याच जागेत ओतली आणि ती उतारावरून वाहत पलीकडे गेली, तर थेटपणा संपला आणि ट्रेसपास हातचा गेला.

टाकीच्या तळातून दोन महिने मळी झिरपतेय, वासाने बागेत मजूर टिकत नाहीत, मुळं कुजू लागली आहेत, असं असेल तर न्यूसन्स. इथे जमिनीच्या उपभोगात अवाजवी आणि ठोस अडथळा दाखवावा लागतो. परिसर कसा आहे, त्रास किती काळ चालला, 'ब'चा वापर नेहमीपेक्षा नाजूक आहे का, हे सगळं न्यायालय तोलतं. एखाद्या दिवसाचा वास सहसा पुरत नाही. बहुतेकदा 'ब'ला पैशांपेक्षा मनाई हुकूम हवा असतो, म्हणून उत्तरात त्याचा उल्लेख हवाच.

आणि एका रात्री टाकीच फुटली, तर स्ट्रिक्ट लायबिलिटी. १८६८ च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर खटल्याचं वळण हेच आहे. गिरणीसाठी बांधलेल्या तलावाचं पाणी जुन्या बुजलेल्या शाफ्टमधून शेजारच्या खाणीत शिरलं. पाणी थेट सोडलेलं नव्हतं आणि त्रास चालू स्वरूपाचाही नव्हता. त्या दोन्ही चौकटींत न बसणाऱ्या घटनेसाठी हा नियम घडला. घातक ठरू शकणारी वस्तू स्वतःसाठी साठवली, जमिनीचा वापर अनैसर्गिक होता आणि वस्तू निसटून बाहेर गेली, एवढं दाखवलं की 'अ'चा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मळीची टाकी कल्पनेतली नाही. मुकेश टेक्सटाइल मिल्सच्या खटल्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने मळीलाच हे तत्त्व लावलं.

'अनैसर्गिक' या शब्दावर मात्र थांबून विचार करा. सर्वाधिक गुण तिथेच जातात. सोसायटीत वरच्या फ्लॅटमधून पाणी गळलं की 'पाणी निसटलं' एवढ्यावर रायलंड्स लिहिणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. घरगुती पाणीपुरवठा हा नैसर्गिक वापर आहे. २००३ च्या ट्रान्सको खटल्यात इमारतींना पाणी देणारा पाइप फुटून बांध खचला, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने स्ट्रिक्ट लायबिलिटी नाकारली. गळती महिनोन्महिने चालू असेल तर न्यूसन्स लिहा. अचानक झाली असेल तर निष्काळजीपणा तपासा.

दुसरी जोडी फांदी आणि फलकाची. शेजाऱ्याच्या जागेवरच्या हवेत घुसलेला दुकानाचा फलक १९५७ च्या केल्सन खटल्यात ट्रेसपास ठरला, पण वाढत वाढत पलीकडे गेलेली झाडाची फांदी न्यूसन्स मानली जाते. फलक माणसाने तिथे लावला, फांदी आपोआप वाढली. हा फरक कळला की थेटपणाची कसोटी कायमची लक्षात राहते.

तथ्यं काठावरची असतील, म्हणजे टाकी महिनाभर झिरपून मग फुटली असेल, तर एकच निवडू नका. झिरपण्यासाठी न्यूसन्स, फुटण्यासाठी रायलंड्स, असे वेगळे परिच्छेद करा. मळीऐवजी विषारी वायू आणि धोकादायक उद्योग असेल, तर भारतात १९८६ च्या एम. सी. मेहता निकालाने आलेली अॅब्सोल्यूट लायबिलिटी आधी लिहा. तिला रायलंड्सचे अपवाद लागू नाहीत.

रायलंड्समध्ये ते लागू आहेत, आणि परीक्षक त्यासाठीच 'त्या रात्री मुसळधार पाऊस होता' असं वाक्य घालतात. ते वाचून लगेच दैवी आपत्ती लिहू नका. कल्लूलाल विरुद्ध हेमचंद या १९५८ च्या खटल्यात पावसात भिंत कोसळली होती, पण पावसाळ्यात तेवढा पाऊस अपेक्षितच असतो म्हणून हा बचाव टिकला नाही. प्रश्नातली तारीख जुलैची आहे का, ते पाहा.