दाढी-मिशी रंगवायचीय? मेहंदी-नीळ की पाच मिनिटांचा कलर, आणि बूटपॉलिश काळा कसा टाळायचा

पुतणीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी एका सलूनमध्ये दाढी डाय करून घेतली, वय ४७, डोक्यावर मीठ-मिरी, आणि दाढी एकदम कोळशासारखी काळी. फोटो बघितले तर असं वाटत होतं की नाटकातली चिकटवलेली दाढी लावून आलोय. बायको काहीच बोलली नाही, भाऊ मात्र म्हणाला, "काय रे, काजळ फासलंस का?" त्यानंतर वर्षभरात मी मेहंदी-नीळ पण करून पाहिलं आणि पेटीतला पाच मिनिटांचा बीअर्ड कलर पण, म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी ते काळं वाईट का दिसतं ते बघू, कारण तिथेच अर्धा निर्णय होतो. आपल्यापैकी बहुतेकांची दाढी कधीच डोक्याइतकी काळी नसते. उन्हात आरशासमोर उभे राहा आणि दाढीतले न पिकलेले केस नीट बघा, त्यात काळे असतात, गडद तपकिरी असतात, दोन-चार चक्क तांबूस निघतात, मिशीत तर जास्तच. नैसर्गिक दाढी म्हणजे चार-पाच छटांची मिसळ असते. काळा डाय त्या सगळ्यांवर एकच रंग थापतो, त्यात बऱ्याचदा निळसर झाक असते, वर गालावरची कडा पेनाने आखल्यासारखी होते आणि खालची कातडी पण थोडी काळवंडते. त्यात डोक्यावर पांढरे असतील तर मग विचारूच नका.

म्हणून शेड निवडताना डोक्याचे केस बघून निवडू नका, दाढीतले न पिकलेले केस बघा, तेही दिवसाच्या उजेडात, बाथरूमच्या बल्बखाली नाही. जी शेड बरोबर वाटेल तिच्याहून एक पायरी फिकी घ्या. पेटीवरचे आकडे साधारण असे असतात की १ म्हणजे काळा आणि आकडा वाढेल तसा रंग फिका, ३ च्या आसपास गडद ब्राऊन, ४ म्हणजे ब्राऊन, पण प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं असतं त्यामुळे आकड्यापेक्षा नाव वाचा. "नॅचरल ब्लॅक" हे नाव फसवं आहे, पांढऱ्या दाढीवर ते काळंच दिसतं. आपल्याकडच्या बहुतेक सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यांना गडद ब्राऊन किंवा ब्राऊन पुरतं. फिकं वाटलं तर पुढच्या वेळी गडद करता येतं, गडद झालेलं फिकं करणं मात्र फार कटकटीचं.

आता पहिला पर्याय, पेटीतला क्रीम किंवा जेल कलर. दोन ट्यूब असतात, दोन्हीतून सारखं क्रीम काढायचं, मिसळायचं आणि ब्रशने लावायचं. फायदा उघड आहे, सगळं मिळून १५ मिनिटांत उरकतं, रंग बराचसा अंदाजाप्रमाणे येतो आणि ब्राऊनमध्ये शेड मिळतात. पण इथे काळं होण्याचं कारण फक्त शेड नसते, वेळ पण असते. दाढीचे केस जाड आणि राठ, कुठे रंग पटकन पकडतो कुठे अजिबात नाही, हनुवटीचा पांढरा पट्टा माझ्याकडे सगळ्यात हट्टी आहे आणि कल्ले सगळ्यात आधी काळे होतात. मी आता असं करतो: सुरुवात हनुवटीपासून, मग मिशी, मग गाल, आणि कल्ल्यांना अगदी शेवटच्या मिनिटाला नुसता ब्रश फिरवायचा, किंवा तेही नाही. तीन मिनिटांनी हनुवटीखालच्या एका जागेवरचं क्रीम ओल्या कापसाने पुसून बघायचं. हवा त्याच्या थोडा आधीचाच रंग दिसला की लगेच धुवायचं, सगळे पांढरे गायब होईपर्यंत थांबायचं नाही. थोडे पांढरे राहिले तरच दाढी खरी दिसते. आणि पेटीवर लिहिलेल्या वेळेच्या पुढे कधीच जाऊ नका, "अजून थोडं ठेवतो" इथेच घोळ होतो. दुसरा घोळ म्हणजे दर वेळी टोकापर्यंत लावणं, त्याने रंगावर रंग चढत जातो आणि ब्राऊन शेड लावूनही तिसऱ्या-चौथ्या वेळी दाढी काळी दिसायला लागते. तेव्हा पुढच्या वेळी फक्त मुळाशी आलेल्या पांढऱ्यावरच लावा.

तोटा एकच आहे पण मोठा, तो म्हणजे ॲलर्जी. अशा बऱ्याच कलरमध्ये पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनिलिनडायअमाईन, नाहीतर त्याचाच भाऊबंद असतो आणि काही लोकांना त्याने चेहरा, पापण्या सुजतात, खाज सुटते, पाणी वाहतं. "अमोनिया फ्री" लिहिलेलं असतं त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ती वेगळी गोष्ट. लावायच्या ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायचं, आणि दर वेळी बघायचं, कारण दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्या वेळी होणार नाही असं नसतं. दाढी कोरल्यावर त्याच दिवशी लावू नका, वस्तऱ्याच्या बारीक चिरांवर झोंबतं. पूर्वी कधी जत्रेतल्या काळ्या मेहंदीच्या टॅटूने हाताला फोड आले असतील तर हा पर्याय सोडूनच द्या. लावल्यावर सूज वाढत गेली किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर घरी वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

दुसरा पर्याय मेहंदी आणि नीळ. नीळ म्हणजे कपड्यांची नव्हे हां, निळीच्या झाडाच्या पानांची हिरवट पावडर, दुकानात इंडिगो पावडर म्हणून मिळते. नुसती मेहंदी पांढऱ्या केसांवर नारिंगी येते, काळी कधीच नाही. नुसती नीळ पांढऱ्यावर निळसर-हिरवट येते आणि नीट टिकत पण नाही. दोन्ही मिळून ब्राऊन होतो, आणि मला विचाराल तर हा ब्राऊन क्रीमपेक्षा जास्त खरा दिसतो, कारण प्रत्येक केसावर तो थोडा वेगळा चढतो. दाढीला दीड-दोन मोठे चमचे पावडर पुरते. मेहंदी आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवायची. नीळ मात्र लावायच्या आधी १०-१५ मिनिटंच कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून, त्यात लिंबू-दही काही घालायचं नाही आणि रात्रभर तर अजिबात नाही, तिचा जोर निघून जातो. प्रमाण असं: मेहंदी एक भाग आणि नीळ दोन भाग म्हणजे गडद ब्राऊन, दोन्ही सारखी म्हणजे मध्यम ब्राऊन, मेहंदी जास्त म्हणजे तांबूस. आधी मेहंदी लावून धुवून मग वरून निळीचा वेगळा लेप दिला की रंग काळ्याकडे जातो, आणि तेच तर आपल्याला नकोय, म्हणून दाढीला मी मिसळूनच लावतो.

दाढी आधी साबणाने किंवा शॅम्पूने धुवून कोरडी करा, तेल असेल तर रंग चढत नाही. लेप लावायचा, वरून प्लास्टिकचा पातळ कागद लावायचा आणि दीड-दोन तास बसायचं. मिशीवर तो लेप घेऊन दोन तास म्हणजे काय ते अनुभवल्याशिवाय कळत नाही, ओल्या गवताचा वास थेट नाकात, चहा स्ट्रॉने, आणि दारावरची बेल वाजली तर मुलाला पाठवायचं. नुसत्या पाण्याने धुवा. आरशात बघून घाबरू नका, पहिल्या दिवशी हिरवट किंवा भलताच भडक दिसतो, एक-दोन दिवसांत हवेने गडद होऊन बसतो आणि तोवर शॅम्पू नको. म्हणजे लग्न शनिवारी असेल तर हे बुधवारी करायचं, शुक्रवारी रात्री नाही. मीही पहिल्यांदा घाबरून दुसऱ्याच दिवशी वरून परत नीळ लावली, आणि दोन दिवसांनी व्हायचं तेच झालं, परत काळं. हळूहळू नीळ आधी उतरते आणि मेहंदी राहते, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत तांबूस झाक दिसायला लागते, ती आवडत नसेल तर हा पर्याय तुमचा नाही.

आता एक धोक्याची गोष्ट. दुकानात "काळी मेहंदी" नावाची पाकिटं मिळतात, १५-२० मिनिटांत काळं करतात, आणि लोक ती नैसर्गिक समजून चेहऱ्याला लावतात. मेहंदी एवढ्या वेळात काळी होऊच शकत नाही, त्या काळ्यामागे बहुतेक वेळा तोच पीपीडी असतो. पाकिटाच्या मागचं बारीक वाचा. म्हणजे रसायन पण आलं, शेड पण एकच आणि तीही काळी, यापेक्षा सरळ ब्राऊन क्रीम लाख पटीने बरं. कॉफी, बीट, लोखंडी कढईतला आवळा वगैरे पण लोक सांगतात, कॉफी-बीटचा रंग दोन-चार धुण्यांत जातो, आवळ्याचं काळं वरवरचं असतं आणि कातडीला जास्त लागतं, त्यात मी वेळ घालवणार नाही.

मग कोणी काय घ्यावं? माझ्या मते हे दाढीच्या लांबीवर ठरतं. दाढी महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढते. तुम्ही ट्रिमर ३ मिलीमीटरवर ठेवत असाल तर दहा दिवसांत रंगवलेला भाग कापला जातो, त्याच्यासाठी दोन तास मेहंदीत बसणं म्हणजे वेडेपणा, तिथे क्रीम नाहीतर काहीच नाही. दाढी दीड-दोन सेंटीमीटर असेल तर मेहंदी-नीळ परवडते, कारण मुळाशी पांढरं दिसलं तरी तपकिरी रंगात ते झटकन डोळ्यात भरत नाही, काळ्यात मात्र आठवड्याभरातच पांढरी रेघ ओरडून सांगते. ॲलर्जीची भीती असेल तर लांबी काहीही असो, मेहंदी-नीळच, पण तीही आधी हातावर लावून बघा. आणि ऐंशी टक्के दाढी पांढरी झाली असेल तर सगळी रंगवण्याच्या भानगडीत पडू नका, फक्त मिशी आणि हनुवटीच्या आजूबाजूचं थोडं गडद करा, कल्ले तसेच ठेवा, डोक्याच्या पांढऱ्याशी जुळून जातं.

तरी काळं झालंच तर? त्याच दिवशी कोंड्याच्या शॅम्पूने दोन-तीन वेळा धुवा, रात्री खोबरेल चोपडून ठेवा, सकाळी परत धुवा, थोडा उतरतो. कातडीवरचा डाग तेलाच्या कापसाने हलकेच चोळला की दोन-तीन दिवसांत निघतो, आणि पुढच्या वेळी आधीच गालाच्या कडेला व्हॅसलीन लावा. ब्लीच करायला जाऊ नका, निळीवर ब्लीच मारलं तर हिरवं होऊ शकतं. ट्रिमरने एक-दोन नंबर खाली या, काळ्याचा जोर लगेच कमी वाटतो. एवढं करूनही नाटकातलाच दिसत असलात तर सरळ दाढी काढून टाका, साखरपुड्याच्या सकाळी मी तेच करायला हवं होतं, दोन तास हातात होते.